आबांच्या खोकल्याची चिठ्ठी

धुळ्यातल्या आमच्या देवपूर भागातल्या शाळेत पालक-शिक्षक समिती होती आणि मी तिचा सदस्य होतो. कॉलेजात ग्रंथपाल असलेल्या माणसाला वेळच वेळ असतो असा लोकांचा समज आहे. तो खरा असल्यामुळे मी कधी वाद घातला नाही. समितीचं काम म्हणजे वर्षातून तीनदा चहा पिणे आणि स्नेहसंमेलनाच्या मंडपवाल्याबद्दल नाराजी व्यक्त करणे. त्या हिवाळ्यात मात्र समितीने एक व्याख्यान ठरवलं. मुंबईच्या वर्तमानपत्रांत ब्राऊन शुगरच्या बातम्या रोज येत होत्या, आग्रा रोडच्या ढाब्यांवर काय काय मिळतं याच्या कहाण्या धुळ्यात फिरत होत्या, आणि संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं की आपणही काळाबरोबर असलं पाहिजे.

वक्ते म्हणून आमच्याच भागातले डॉक्टर ठरले. निम्म्या देवपूरचे ते फॅमिली डॉक्टर, आमच्याही घराचे. विषय त्यांनीच दिला होता: 'कोणत्या वयाच्या मुलाशी नशेबद्दल काय बोलावं'. अध्यक्षांना तो फार साधा वाटला. त्यांनी फलकावर 'व्यसनमुक्त भारत आणि आजचा विद्यार्थी' असं लिहून घेतलं.

सूचना मी लिहिली. ती कुणाला पाठवायची यावर बैठकीत पाच मिनिटं चर्चा झाली.

"आठवी ते दहावीच्या मुलांच्या पालकांना," मुख्याध्यापक म्हणाले.

"मुलींच्या?" मी विचारलं.

"मुलींचा काय संबंध, भाऊ? उगाच बायकांमध्ये घबराट."

मला एक मुलगी होती, दहावीत. मी मान हलवली आणि सूचनेत 'विद्यार्थ्यांच्या' या शब्दापुढे कंसात 'मुलगे' असं लिहिलं. ते माझं अक्षर आहे, नाकारता येणार नाही.

मुलीचं त्या दिवसांत बरं नव्हतं. दिवाळीपासून ती मंद झाली होती. पुस्तक पुढ्यात घेऊन बसायची आणि बसल्या बसल्या डोळे मिटायची. जेवण कमी झालं होतं. पोट साफ होत नाही म्हणून दुखायचं. बोलताना सारखं नाक खाजवायची. डॉक्टरांनी पोटासाठी चूर्ण दिलं, अशक्तपणासाठी टॉनिक दिलं आणि "दहावी आहे, ताण येतो" असं सांगितलं. मध्येच शिंदखेड्याला माझ्या मावसभावाकडचं लग्न निघालं. आम्ही चार दिवस तिथे होतो. दुसऱ्या दिवशीच मुलीला जांभयांवर जांभया, नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पाय दुखतात म्हणून ती कळवळायला लागली आणि जुलाब सुरू झाले. लग्नघरातली एक म्हातारी तिच्याकडे बघून म्हणाली, "पोरले नजर लागनी शे," आणि मीठ-मिरच्या घेऊन बसली. धुळ्याला परतलो त्या संध्याकाळी मुलगी बाहेर जाऊन आली आणि तासाभरात ठणठणीत झाली. बायको म्हणाली, "हिला आपल्याकडचंच पाणी मानवतं." मला हे निदान पटलं. नजर लागण्यापेक्षा ते शास्त्रीय वाटलं होतं.

बोर्डाची परीक्षा दोन महिन्यांवर होती. तिचं काय बिघडलंय हे कुणालाच कळत नव्हतं, आणि घरातली भीती आम्ही टॉनिकच्या चमच्याने मोजत होतो.

व्याख्यान रविवारी सकाळी दहाला होतं. साडेदहाला दीपप्रज्वलन झालं. वारा होता, त्यामुळे ज्योत तीनदा विझली आणि तिन्ही वेळा टाळ्या झाल्या. चित्रकलेच्या मास्तरांनी भिंतीवर चित्रं लावली होती: एक सांगाडा, त्याच्या दंडात इंजेक्शन, मागे स्मशान. सांगाड्याला त्यांनी शाळेचा गणवेश घालायचं टाळलं होतं, एवढा संयम दाखवला होता. मग अध्यक्ष बोलले. त्यांनी भारतीय संस्कृतीपासून सुरुवात केली आणि पंचवीस मिनिटांनी ते तिथेच होते. शेवटी म्हणाले, "आपल्या शाळेत असला प्रकार नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो." छातीवर हात ठेवताना शाल घसरली, ती मुख्याध्यापकांनी झेलली.

डॉक्टर उठले तेव्हा माझ्या शेजारचे गृहस्थ घड्याळाला चावी देत होते. डॉक्टरांनी माईक बाजूला केला. त्यांचा आवाज तसाही दवाखान्याच्या पडद्यापलीकडे पोचणारा होता.

"तुमच्या घरात औषधं कुठे ठेवलेली असतात?" त्यांनी विचारलं.

मग मागून एक जण म्हणाला, "फळीवर."

"किती उंच?"

"हात पुरेल एवढी."

"कुणाचा हात?"

सभागृहात थोडं हसू आलं. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की तरुणपणी ते सातपुड्याच्या पायथ्याशी सरकारी दवाखान्यात होते. तिथे दिवसभर मजुरीला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलाला अफूचा कण चाटवायच्या, म्हणजे ते झोपून राहायचं. त्यातली काही उठली नाहीत. "त्या बायांना हसू नका," ते म्हणाले. "त्यांच्याकडे दुसरा इलाज नव्हता. आपल्याकडे आहे, तरी आपण रडणाऱ्या पोराला गोड सिरप पाजतो, झोपेल म्हणून."

मग ते वयाने वर वर चढत गेले. दोन ते पाच वर्षांच्या मुलाशी नशेबद्दल बोलायचं नसतं, औषधाबद्दल बोलायचं. औषधाला कधीही गोळी-चॉकलेट म्हणायचं नाही, 'गोड आहे, घे' म्हणायचं नाही. औषध फक्त आई-बापाच्या हातून घ्यायचं, एवढा एकच नियम त्याला पुरतो. सहा ते नऊ वर्षांच्या मुलाला सांगायचं की एका माणसाचं औषध दुसऱ्याचं नसतं, आणि बरं करणारी वस्तूच जास्त घेतली तर आजारी पाडते. "आणि या वयाच्या पोराला औषधाच्या दुकानात पाठवू नका. त्याला वाटायला लागतं, बाटली म्हणजे साखरेचा पुडा. मागितला की मिळतो."

हे ऐकताना मला पहिल्यांदा खुर्ची टोचली. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, धरणगावच्या जिनिंगमध्ये आयुष्यभर राबले होते. सरकीचा आणि कापसाचा धुरळा छातीत घेऊनच ते निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आले. त्यांचं खोकल्याचं औषध आणायला आम्ही मुलीलाच पाठवायचो. सात-आठ वर्षांची होती. आबा झाकणात उरलेला थेंब तिच्या जिभेवर टेकवायचे. "गोड शे ना?" म्हणायचे. आम्हा सगळ्यांना त्याचं कौतुक होतं.

"डॉक्टर," एक बँकेतले पालक उभे राहिले, "लहान मुलांना हे सांगितलं तर नसलेलं कळेल ना त्यांना? झाकली मूठ बरी."

"तुमच्या घरापासून पानटपरी किती लांब आहे?"

"समोरच."

"मग मूठ कुणी झाकलीय?"

दहा ते बारा वर्षांच्या मुलाला आधी विचारायचं, तुला काय माहीत आहे. आणि तो सांगेल ते मध्ये न बोलता, हात न उगारता ऐकायचं. साठाव्या वर्षी कॅन्सर होईल हे त्याला सांगून उपयोग नाही, त्याला साठावं वर्ष असतं हेच पटत नाही. दात किडतील, धावताना दम लागेल, तोंडाला वास येईल, हे पटतं. मित्राने गुटख्याची पुडी पुढे केली तर काय म्हणायचं त्याची घरात तालीम करायची. "त्याला बहाणा द्या. 'माझी आई रोज तोंडाचा वास घेते' असं त्याने सांगावं. बदनामी तुम्ही घ्या. आई-बाप त्यासाठीच असतात."

मागच्या रांगेतून एक ट्रकमालक उठला. आवाज रांगडा, धोतर स्वच्छ. "डाक्टरसाहेब, मना पोऱ्या पुड्या खास. तुम्ही सांगतस मारू नका. मंग काय आरती करू त्यानी?"

"तुम्ही काय खातस, शेठ?"

"तंबाखू. पन मी मोठा शे."

"मंग पह्यले आरती तुमनी," डॉक्टर म्हणाले, आणि त्या सकाळी प्रथमच सभागृह मनापासून हसलं. ट्रकमालकही हसला. डॉक्टर मात्र थांबले नाहीत. हसू विरायच्या आत ते तेराव्या वर्षावर आले होते.

"तेरा ते सोळा. या वयात तुम्ही कमी बोलायचं. समोर बसवून बोलू नका, ते कोर्ट होतं. सोबत चालताना बोला, सायकल पुसताना बोला, म्हणजे एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. नियम मात्र स्पष्ट सांगा, गुळमुळीत नको. 'माझं पोर तसं नाही' हे वाक्य घरात कधीही म्हणू नका. कारण ज्या दिवशी ते तसं असेल, त्या दिवशी ते तुम्हाला सांगू शकणार नाही."

आणि नशा करणाऱ्या मुलाला ओळखायचं कसं, हे त्यांनी सांगितलं. भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "असं दिसायला लागेपर्यंत वाट बघू नका. ब्राऊन शुगर असो नाहीतर खोकल्याच्या काही औषधांत असतं ते असो, दोन्ही अफूच्याच जातीचं. पोर पेंगतं. भूक जाते. पोट साफ होत नाही. नाक, अंग खाजवतं. डोळ्यांतली बाहुली अंधारात मोठी व्हायला हवी, ती टाचणीच्या डोक्याएवढीच राहते. आणि मिळालं नाही की उलटं सगळं. जांभया, नाक गळणं, काटा, हातपाय ओढणं, जुलाब. घरचे म्हणतात फ्लू झाला."

ते पुढे आणखी बोलत होते. पोर नशेत असताना बोलू नका. मारू नका. काय घेतलं, किती, कधीपासून, एवढं विचारा आणि माझ्याकडे या. हाक मारून उठलं नाही, श्वास संथ झाला, घोरल्यासारखा घरघर आवाज आला, तर माझीही वाट बघू नका, थेट सिव्हिल. मी हे सगळं ऐकलं, कारण नंतर मला ते शब्दशः आठवलं. पण त्या क्षणी मी फक्त मोजत होतो. पेंगणं. भूक. पोट. नाक. शिंदखेड्याचे चार दिवस. मुलीच्या डोळ्यांत मी शेवटचं कधी पाहिलं होतं, ते मात्र आठवेना.

आभारप्रदर्शनाला मी थांबलो नाही. ते माझ्याकडेच होतं.

घरी मुलगी झोपली होती. दुपारचे बारा वाजले होते. बायकोला मी काही न सांगता स्वयंपाकघरातल्या तारेकडे गेलो. प्रत्येक घरात असते तशी आमच्याकडे लाकडी ठोकळ्यावर उभी केलेली तार होती. तीत विजेची बिलं, रेशनच्या पावत्या आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या ओवलेल्या असायच्या. डॉक्टरांची चिठ्ठी आमच्या गल्लीत कुणी फेकत नसे. खोकल्याची चिठ्ठी शेजारच्या खोकल्याला चालते, तापाची तापाला. तपासणीची फी वाचते आणि डॉक्टरांचा वेळही. आमच्या तारेवरच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावलेल्या होत्या, त्याचा मला अभिमान होता. गल्लीतल्या बायका 'भाऊंच्या लायब्ररीतून' चिठ्ठी न्यायच्या आणि परत आणून द्यायच्या.

आबांची शेवटची चिठ्ठी तारेवर नव्हती. ती मला पाठ होती. पावसाळ्यात चिखलातून आबांना दर वेळी दवाखान्यात ये-जा नको, म्हणून डॉक्टरांनी खोकल्याच्या औषधाखाली कोपऱ्यात लिहिलं होतं: 'लागेल तेव्हा'. आबा वारले त्याला पावणेदोन वर्षं झाली होती.

मग बाटल्या शोधल्या. त्या कूलरमध्ये सापडल्या. तो ऑक्टोबरपासून मागच्या व्हरांड्यात बंद पडून होता, होळीपर्यंत त्याचं झाकण कुणी उघडत नाही. आत वाळ्याच्या मागे रिकाम्या बाटल्या नीट ओळीत उभ्या होत्या. मुलीला हे वळण माझ्याकडून मिळालं असणार. बायकोने त्या पाहिल्या, आधी तिला काही कळलं नाही आणि मग एकदम कळलं.

"आबांचं औषध," ती म्हणाली. "अहो, आबांचं औषध." आणि लाटणं घेऊन आतल्या खोलीकडे निघाली.

मी दारात उभा राहिलो. आयुष्यात मी कुणाच्या वाटेत फारसा उभा राहिलेलो नाही. "आत्ता नाही," मी म्हणालो. "ती शुद्धीत असेल तेव्हा. तू तिच्याजवळ बस. श्वासाकडे लक्ष ठेव."

"श्वासाकडे?" बायको म्हणाली. लाटणं तिच्या हातातून आपोआप खाली आलं.

डॉक्टर जेवायला बसले होते. दवाखान्याच्या वरच त्यांचं घर. सत्काराचा नारळ आणि शाल खुर्चीवर तशीच पडली होती. मी बाटली ताटाशेजारी ठेवली.

"कुणाची?"

"आबांची."

"आबा तर…"

"आबा गेले. खोकला चालू आहे. चिठ्ठीवर लागेल तेव्हा लिहिलंय."

त्यांनी हात धुतला. बराच वेळ धुतला. परत येऊन बाटलीवरचं लेबल वाचलं, जणू पहिल्यांदाच वाचत होते. "दुकानदाराने चिठ्ठी ठेवून घ्यायला हवी होती, पुन्हा देताना मला विचारायला हवं होतं," ते म्हणाले. मग म्हणाले, "नाही. लिहिलं मी." थोड्या वेळाने, "मी तिला दोनदा तपासलं, भाऊ. चूर्ण दिलं. आणि सकाळी छप्पन्न लोकांना शहाणपण शिकवून आलो."

मला त्यांची थट्टा करायची सवय होती. त्या दिवशी मी बाटली ताटापासून दूर सरकवली.

त्यांनी सांगितलं ते असं. रोज किती घेते हे तिच्याकडूनच कळायला हवं. औषध एकदम बंद केलं तर शिंदखेड्यासारखं होईल, हाल होतील आणि ती पुन्हा दुकान गाठेल. म्हणून ते नाशिकच्या मनोविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलून मोजून मोजून कमी करतील, आणि बाटली आमच्या घरात राहणार नाही, त्यांच्याकडे राहील. चिठ्ठी आजच्या आज हवी. "आणि एक लक्षात ठेवा. सवय मोडलेलं शरीर जुनं माप विसरतं. काही दिवस थांबून कुणी एकदम पहिल्याइतकं घेतलं, तर झोप लागते आणि श्वासच मंदावत जातो. आमच्याकडे येतात ती पोरं बहुतेक अशीच येतात."

साडेचार वाजता मुलगी उठली. चहा घेतला. मी म्हटलं, नदीपर्यंत चालून येऊ. तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं, कारण मी तिला फिरायला नेल्याला किती वर्षं झाली होती कोण जाणे. आम्ही पुलाच्या दिशेने निघालो. पांझरेत पाण्याची एक बारीक धार होती, बाकी सगळे दगड आणि गोधड्या वाळत घातलेल्या.

व्याख्यानात सांगितलं होतं की सोबत चालताना बोलावं. पहिलं वाक्य काय असावं ते सांगितलं नव्हतं.

"कूलरमधल्या बाटल्या मी पाहिल्या," मी म्हणालो. "मारणार नाही. ओरडणार नाही. किती घेतेस तेवढं सांग."

ती पन्नास पावलं पायाने एक खडा ढकलत चालली. मी समोरच्या टांग्याकडे बघत राहिलो.

"नाना, हे तुम्ही कुठून शिकून आलात? तुम्ही असं नाही बोलत."

"आजच शिकलो. सकाळी."

"मुलांच्या पालकांचं होतं ना ते?"

"हो."

ती नाकातून हसली. मग सांगायला लागली. उन्हाळ्यात खरंच खोकला झाला होता, तेव्हा आबांची चिठ्ठी काढली होती. एक चमचा घेतला की भूमितीची भीती जायची. छान वाटायचं; कुणीतरी अंगावर गोधडी घातल्यासारखं. मग दोन चमचे. दिवाळीपासून अर्धी बाटली, आता कधी कधी पूर्ण. स्टँडजवळच्या दुकानात, कारण तिथले काका कुणालाच ओळखत नाहीत. खाऊच्या पैशात भागायचं नाही म्हणून ट्यूशनच्या फीमधले. शिंदखेड्याला काय झालं होतं ते तिला दुसऱ्याच दिवशी समजलं होतं. "तिथे मला वाटलं, सांगावं आईला. पण आई सगळ्या बायकांना सांगत होती, माझी पोर अभ्यास करून आजारी पडली."

मी म्हटलं, "चिठ्ठी दे. डॉक्टरांना द्यायची आहे."

"माझ्याकडे नाही."

"मग?"

ती थांबली. मीही थांबलो आणि चूक झाली, कारण आता आम्ही समोरासमोर होतो. तिच्या डोळ्यांत पाहिलं. ऊन उतरलं होतं, पुलावर सावली आली होती, आणि त्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या.

"सांगितलं तर तिच्या घरी कळेल. ते तिला मारून टाकतील."

मी पुन्हा चालायला लागलो. तीही आली. काही पावलांनी तिने मैत्रिणीचं सांगितलं. ट्यूशनला बरोबर बसणारी, आमच्याच मागच्या कॉलनीतली. दोघी एकाच चिठ्ठीवर आणायच्या. "ती तीन आठवडे मामाकडे होती. तिथे नाही मिळालं, खूप आजारी पडली. मग बरी झाली. म्हणाली, सुटलं माझं. काल परत आली आणि आज सकाळी, तुम्ही शाळेत होता तेव्हा, चिठ्ठी घेऊन गेली."

"सुटलं म्हणाली ना?"

"म्हणाली फक्त एकदा. पूर्वीइतकंच. झोप येत नाही म्हणून."

मी तिला विचारलं नाही की पूर्वीइतकं म्हणजे किती. आम्ही वळलो. चालणं कधी धावणं झालं ते कळलं नाही. पन्नाशीच्या ग्रंथपालाला धावताना बघून टपरीवरची दोन माणसं उभी राहिली.

मैत्रिणीच्या आईने दार उघडलं. हातात पोहे निवडायचं ताट. माझा चेहरा बघून घाबरली, मग माझी मुलगी मागे दिसली म्हणून हसली.

"या भाऊ. काय झालं? शाळेत काही कार्यक्रम होता म्हणे आज. आम्हाला काही सूचना नाही आली."

"तुमची मुलगी कुठे आहे?"

"झोपलीय. प्रवासाने दमलीय हो, जेवली तशी झोपली. कधी नाही ती घोरतेय बघा."

आतून तो आवाज येत होता. लांब, ओला, आणि मध्ये फार मोठी फट. फट संपायची वाट बघत मी दारातच उभा होतो.

"उठवा तिला," मी म्हणालो.

"झोपू द्या ना, परीक्षा—"

माझी मुलगी माझ्या बाजूने चपलांसकट आत गेली. तिने मैत्रिणीला हाक मारलेली ऐकू आली. एकदा. पुन्हा एकदा, जोरात. मग तिने मला हाक मारली.

आम्ही तिला रिक्षात घातलं. तिच्या आईला मी वाटेत सांगितलं, सांगता येईल तसं. सिव्हिलमध्ये काय घेतलं, किती, कधी हे तिन्ही प्रश्न विचारले आणि तिन्हींची उत्तरं माझ्या मुलीने दिली, न अडखळता, डॉक्टर-नर्सच्या तोंडाकडे बघून. त्यामुळे उताऱ्याची सुई लवकर लागली, असं नंतर तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. अंधार पडण्याच्या सुमाराला मैत्रिणीने डोळे उघडले, आईला ओळखलं आणि रडायला लागली.

तोवर निरोप मिळून आमचे डॉक्टर आले होते. मैत्रिणीच्या कंपासपेटीतली चिठ्ठी तिच्या वडिलांनी आणून त्यांच्या हातात दिली होती. ते ती दिव्याखाली धरून उभे होते. घड्या पडून पडून कागद कापडासारखा मऊ झाला होता. आबांचं नाव, औषध, आणि कोपऱ्यात ते दोन शब्द. फाडतील असं मला वाटलं. फाडली नाही. घडी घालून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवली आणि मैत्रिणीच्या वडिलांना घेऊन बाकावर बसले. ते गृहस्थ मुठी आवळून होते. डॉक्टर त्यांच्याशी हळू आवाजात बोलत होते. सकाळचंच सगळं, एका माणसासाठी पहिल्यापासून.

मुलगी आणि मी बाहेरच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तिने गुडघे छातीशी घेतले होते. मला वाटलं होतं ती मैत्रिणीचं विचारेल, किंवा आईला काय सांगायचं ते. मला तेव्हा तिचा अभिमान वाटत होता आणि सगळं संपलं असंही वाटत होतं. व्याख्यानाचा शेवट म्हणून आपण जे समजतो ते असंच काहीतरी असतं.

ती जांभया देत होती. एकामागून एक. दंडावर काटा आला होता, आणि थंडी तितकीशी नव्हती. उघड्या दारातून डॉक्टर दिसत होते. तिची नजर त्यांच्या चेहऱ्यावर नव्हती, खिशावर होती.

"नाना," ती म्हणाली, "मला आत्ता हवंय."

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही. उठलो, तिचा हात धरला, आणि आम्ही दोघं आत डॉक्टरांकडे निघालो.